पी, एफ आणि हेअरपिन: आवाजाच्या खुणा वाचायच्या कशा आणि त्यातून फ्रेज घडवायची कशी

स्टाफ नोटेशन नवीन नवीन वाचायला लागलं की सगळं लक्ष सूर कुठला आणि तो किती बीट धरायचा यातच जातं, आणि ओळीखाली जी तिरकी बारीक अक्षरं असतात, कुठे पी, कुठे एफ, कुठे लांबलचक चिमट्यासारखी खूण, ती डोळ्यांना दिसतात पण वाचली जात नाहीत. माझंही पहिलं वर्षभर असंच चाललं होतं. नंतर मी त्या खुणा पाळायला लागले, म्हणजे पी आला की आवाज कमी, एफ आला की जास्त, आणि मला वाटलं झालं की काम. तेव्हा आमच्या मॅडमनी एक ओळ ऐकून फक्त एवढंच विचारलं, "या ओळीत तू कुठल्या सुराकडे चालली आहेस?" माझ्याकडे उत्तरच नव्हतं, कारण मी सगळे सूर एकाच मापाने वाजवत होते. हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. खुणांचे अर्थ पटकन बघून घेऊ आणि मग एक ओळ घेऊन ती सूर न् सूर घडवू. मी पियानोवर शिकले म्हणून उदाहरणं तिकडची जास्त येतील, पण गाणाऱ्यांना, व्हायोलिन किंवा बासरीवाल्यांना कुठे फरक पडतो तेही सांगते.

आधी एक शब्दाची भानगड मिटवू

मराठीत आपण "हळू वाजव" म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ आवाज कमी कर असाही होतो आणि वेग कमी कर असाही होतो. "जोरात" चं पण तेच, मोठ्याने आणि वेगाने दोन्ही. गंमत म्हणून सांगत नाहीये, हे खरंच हातात उतरतं, पी दिसला की वेग मंदावतो आणि आवाज वाढायला लागला की माणूस पळायला लागतो. डायनॅमिक्सच्या खुणा फक्त आवाजाबद्दल असतात, वेगाशी त्यांचा काही संबंध नाही, वेगासाठी वेगळे शब्द लिहिलेले असतात. म्हणून इथून पुढे मी "लहान आवाज" आणि "मोठा आवाज" असंच म्हणणार आहे, तुम्हीही सराव करताना मनात तेच शब्द वापरा, फरक पडतो.

पायरी पहिली: खुणा ओळखा

मुळात शब्द दोनच आहेत आणि दोन्ही इटालियन. पियानो म्हणजे लहान आवाज, त्याची खूण तिरका पी. फोर्टे म्हणजे मोठा, जोमदार आवाज, त्याची खूण तिरका एफ. (पियानो या वाद्याचं नाव पण इथूनच आलं. फ्लॉरेन्समध्ये 1700 च्या आसपास क्रिस्तोफोरीने जे वाद्य बनवलं त्याची ओळखच ही होती की एकाच कीवर पियानो आणि फोर्टे दोन्ही वाजतं, त्याआधीच्या हार्पसिकॉर्डवर की कशीही दाबली तरी आवाज साधारण तेवढाच यायचा.) या दोघांच्या आधी एम लागला की तो मेत्झो, म्हणजे मध्यम. आणि अक्षर दुप्पट झालं की जास्त, म्हणजे दोन पी खूप लहान, दोन एफ खूप मोठा. लहानाकडून मोठ्याकडे लावले तर सहा पायऱ्या होतात: पीपी, पी, एमपी, एमएफ, एफ, एफएफ. तीन पी, तीन एफ पण भेटतात, चायकोव्हस्कीने सहाव्या सिम्फनीत (1893) एका जागी चक्क सहा पी लिहिलेत, पण सुरुवातीला या सहा पायऱ्या पुरे.

आवाज हळूहळू बदलायचा असेल तर क्रेशेंडो म्हणजे वाढवत जा आणि डिमिन्युएंडो किंवा डिक्रेशेंडो म्हणजे कमी करत जा. हे कधी शब्दात लिहितात, बरेचदा अर्धवट तोडून, आणि कधी दोन रेघांचा चिमटा काढतात, त्यालाच हेअरपिन म्हणतात. डावीकडे टोक आणि उजवीकडे तोंड उघडं असेल तर वाढवायचं, उलट असेल तर कमी करायचं. एकाच सुराच्या डोक्यावर छोटी मिटत जाणारी खूण असेल तर ती हेअरपिन नाही, तो अ‍ॅक्सेंट, म्हणजे तेवढाच एक सूर ठसक्यात वाजवायचा. नवीन माणूस या दोन्हीत हमखास गडबडतो, त्यामुळे खूण किती सुरांवर पसरली आहे ते आधी बघायचं.

आणखी एक नियम, जो कोणी नीट सांगत नाही: पी किंवा एफ लिहिला की तो पुढची खूण येईपर्यंत चालू राहतो, दोन पानं गेली तरी. मध्ये काही लिहिलं नाही म्हणून आपण आपोआप मध्यम आवाजावर सरकायचं नाही.

पायरी दुसरी: तुमचा पी किती आणि तुमचा एफ किती

पी म्हणजे अमुक इतके डेसिबल असं काही नसतं. छोट्या खोलीतला पी आणि मोठ्या हॉलमधला पी वेगळा, बासरीचा एफ आणि ट्रम्पेटचा एफ तर कुठच्या कुठे. खूण एवढंच सांगते की बाकीच्या भागांच्या मानाने इथे आवाज केवढा. म्हणजे आधी तुमच्याकडे लहानात लहान आणि मोठ्यात मोठा आवाज किती आहे ते माहीत पाहिजे, नाहीतर सहा पायऱ्या बसवणार कुठे.

इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड असेल तर आधी हे तपासा: एक की अलगद दाबा आणि मग तीच जोमाने दाबा. आवाज तेवढाच आला तर त्या कीबोर्डला टच रिस्पॉन्स नाहीये किंवा सेटिंगमध्ये बंद आहे. बंद असेल तर चालू करा. मुळातच नसेल तर त्यावर हा सगळा सराव होणारच नाही, तुमचा हात कितीही बरोबर असला तरी, मग दुसरं वाद्य मिळेपर्यंत गाऊन करा.

आता मधला कुठलाही एक सूर घ्या आणि तो ऐकू येईल असा लहानात लहान वाजवा. पियानोवर आवाज ठरतो तो हातोडी तारेवर किती वेगाने आदळते त्यावर, म्हणजे की किती वेगाने खाली जाते त्यावर. की तळाला टेकल्यानंतर दाबत बसून काही होत नाही, हातोडी तोपर्यंत तारेला लागून परत पण आलेली असते. लहान आवाजासाठी की सावकाश खाली न्यायची, पण पूर्ण खाली न्यायची, अर्धवट सोडली तर सूर वाजतच नाही, आणि नवशिक्याच्या पी मध्ये मधूनमधून सूर गायब होतात ते यामुळेच. मग मोठ्यात मोठा वाजवा, पण आवाज कर्कश होण्याच्या आधी थांबा. ही दोन टोकं मिळाली की त्यांच्यामध्ये चार पायऱ्या बसवा, एकच सूर सहा वेळा, पीपी पासून एफएफ पर्यंत, आणि मग उलट. बहुतेकांचं पहिल्यांदा असं होतं की वरच्या तीन पायऱ्या सारख्याच येतात, कारण एमएफलाच सगळी ताकद संपलेली असते. तसं झालं तर वर अजून जोर काढायच्या मागे लागू नका, पी आणि एमपी आणखी खाली आणा, जागा तिथेच सापडते.

रेकॉर्ड करून ऐकणार असाल (आणि ऐकाच) तर एक लक्षात ठेवा, बऱ्याच फोनमध्ये रेकॉर्डिंग करताना लहान आवाज आपोआप वाढवला जातो आणि मोठा दाबला जातो, बोलणं स्पष्ट यावं म्हणून ती सोय असते. त्यामुळे तुम्ही उत्तम फरक केलात तरी रेकॉर्डिंगमध्ये सगळं सपाट ऐकू येतं आणि माणूस खचतो. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये ते बंद करता येत असेल तर करा, फोन दोन-तीन मीटर लांब ठेवा, आणि मुद्दाम एक अगदी लहान आणि एक अगदी मोठा सूर वाजवून आधी फोनलाच तपासा.

पायरी तिसरी: क्रेशेंडो उशिरा सुरू करा

क्रेशेंडो हा शब्द दिसला की हात लगेच जोरात पडतो. पण तो शब्द जिथे लिहिलाय तिथे आवाज अजून लहानच असतो, वाढायला तिथून सुरुवात होते. म्हणजे पी मध्ये क्रेशेंडो दिसला तर त्या जागी वाजवायचं पीच. पहिल्याच सुरावर उडी मारली तर मध्यापर्यंत जागा संपते आणि उरलेला भाग नुसता एकसारखा मोठा राहतो, ऐकणाऱ्याला वाढ ऐकूच येत नाही, त्याला वाटतं अचानक कोणीतरी बटण फिरवलं.

माझी पद्धत पेन्सिलची आहे. दहाची पट्टी धरायची, पी म्हणजे 3, एफ म्हणजे 7, आणि सुरांखाली आकडे लिहायचे. आठ सुरांवर पी पासून एफ पर्यंत क्रेशेंडो असेल तर मी 3, 3, 3, 4, 4, 5, 6, 7 असं लिहिते. बघा, पहिले तीन जवळजवळ हलतच नाहीत आणि बरीचशी वाढ शेवटच्या तीन सुरांत आहे. डिमिन्युएंडोला पण तेच उलट, आधी मोठा आवाज धरून ठेवायचा आणि उशिरा सोडायचा, लगेच खाली आलात तर शेवटपर्यंत पुरत नाही. आकडे हे काही शास्त्र नाही हं, हाताला नियोजनाची सवय लागावी म्हणून आहेत, दोन-तीन महिन्यांनी लागत नाहीत.

हे मेट्रोनोम लावूनच करा, साधारण 60 वर. आवाज वाढताना तुम्ही पळताय का ते कानाला स्वतःचं स्वतःला कळत नाही, मेट्रोनोमला लगेच कळतं. फुंकून वाजवणाऱ्यांनी सोबत ट्यूनर पण ठेवा, कारण बासरीवर मोठ्या आवाजात सूर चढायला बघतो आणि लहान आवाजात उतरायला, क्लॅरिनेटवर नेमकं उलट होतं. म्हणजे त्यांना डायनॅमिक्स सांभाळताना सुराची पट्टी पण ओठांनी आणि श्वासाने सांभाळावी लागते, पियानोवाले त्या बाबतीत सुटलेले असतात.

पायरी चौथी: एक ओळ घेऊन फ्रेज घडवू

आता मुख्य काम. बेथोव्हनच्या नवव्या सिम्फनीच्या (1824) शेवटच्या भागातली आनंदगीताची चाल घेऊ, कारण ती पहिल्या दोन-तीन महिन्यांत सगळेच वाजवतात आणि तिचे सूर एकमेकांना लागून आहेत. मूळ सिम्फनीत ती पहिल्यांदा येते तेव्हा चेलो आणि डबल बेस, म्हणजे खालचे आवाज, ती एकटेच वाजवतात आणि खूण आहे पी. सा म्हणजे सी धरला तर पहिली ओळ चार बारची आहे, प्रत्येक बारमध्ये चार बीट:

ग ग म प | प म ग रे | सा सा रे ग | ग रे रे

शेवटच्या बारमध्ये ग दीड बीटचा, पहिला रे अर्ध्या बीटचा आणि शेवटचा रे दोन बीटचा.

सगळे सूर 3 वर वाजवले तर खूण पाळली गेली, पण ओळ निर्जीव राहते. नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये प्ले दाबल्यावर जसं ऐकू येतं तसं, कारण तिथे हेच होतं, एकदा पी लिहिला की पुढच्या प्रत्येक सुराला जवळपास तोच आकडा मिळतो. कागदावरचा पी हा त्या अख्ख्या भागाचा मुक्काम आहे, त्याच्या आत थोडं वर-खाली व्हायला जागा असते, आणि ते वर-खाली कुठे करायचं हे संगीतकार बरेचदा लिहीत नाही, वाजवणाऱ्यावर सोडतो. बाखच्या काळातल्या कितीतरी कागदांवर तर या खुणा जवळजवळ नसतातच.

मग आधी ओळ गाऊन बघा, आवाज चांगला नसला तरी गा. श्वास कुठे संपतो? चौथ्या बारच्या शेवटी. म्हणजे हे चार बार एक फ्रेज, एक वाक्य. वाक्य बोलताना आपण एका शब्दावर वजन देतो आणि बाकीचे त्याच्याकडे जातात किंवा त्याच्यापासून लांब येतात, सुरांचं पण तसंच. इथे सगळ्यात वरचा सूर प आहे आणि तो दोनदा येतो, पहिल्या बारच्या शेवटी आणि दुसऱ्या बारच्या सुरुवातीला. आता हे नीट बघा, दोन्ही प आहेत पण काम वेगळं आहे. पहिला प चौथ्या बीटवर, म्हणजे कमकुवत जागी आहे, तो चालला आहे. दुसरा प बारच्या पहिल्या बीटवर आहे, तो पोचला आहे. दोन्ही सारखे वाजवले तर दोन ठोके ऐकू येतात, दुसऱ्याला किंचित जास्त दिलं तर पोचल्यासारखं वाटतं. मी लिहिते ते आकडे असे:

3 3 4 4 | 5 4 4 3 | 3 2 3 3 | 4 2 2

तिसऱ्या बारमध्ये दुसरा सा 2 वर आलाय, कारण तिथे ओळ तळाला टेकते आणि परत वर निघते. चौथ्या बारचा ग 4 आहे, तो लांब आहे आणि त्याच्यावर थोडं टेकायचं. आणि मग जी जागा जवळजवळ प्रत्येक नवशिक्याची बिघडते ती येते, ग नंतरचा तो अर्ध्या बीटचा रे. पियानोवर सूर वाजला की त्याच क्षणापासून विरायला लागतो, दीड बीटमध्ये 4 वरचा ग कानाला 2-3 एवढाच उरलेला असतो. आता पुढचा रे तुम्ही परत 4 ने वाजवला तर तो विरलेल्या ग च्या मानाने टुणकन उडतो, आणि सगळ्यात छोटा सूर सगळ्यात ठळक होऊन बसतो. म्हणून ग वाजवल्यावर त्याचा विरणारा आवाज ऐकत थांबायचं आणि जेवढा उरला असेल तेवढ्यात रे ठेवायचा. शेवटचा रे पण त्याच मापात, हात वर उचलत. तो तिसऱ्या बीटवर आहे, मुक्कामाचा सूर आहे, म्हणून हात आपोआप तिथे आपटतो. मी तर तिथे पेन्सिलने छोटा गोल करून ठेवला होता, कित्येक आठवडे.

व्हायोलिन, बासरी किंवा गळा असेल तर हा विरण्याचा प्रश्न नाही, लांब ग धरून ठेवता येतो, त्याच एका सुरात वाढवता-कमी करता पण येतो. पियानोवर वाजलेला सूर नंतर वाढत नाही. पण त्यांचा वेगळा प्रश्न असतो, श्वास किंवा बो संपत आलेला असतो आणि शेवटचा रे थरथरतो किंवा मध्येच तुटतो. तिथे सुरुवातीच्या 3 लाच हिशोबाने खर्च करायचा.

आता दुसरी ओळ. पहिले तीन बार तेच, फक्त शेवट ग रे रे च्या ऐवजी रे सा सा:

ग ग म प | प म ग रे | सा सा रे ग | रे सा सा

सूर जवळजवळ तेच म्हणून आकडे पण तेच ठेवावेत असं वाटेल, पण पहिली ओळ रे वर थांबली होती, ती अर्धवट सोडल्यासारखी वाटते, आणि ही ओळ सा वर येऊन पुरी होते. त्यामुळे मी इथे प ला थोडं कमी करते आणि वजन शेवटच्या बारच्या रे कडे नेते, म्हणजे 3 3 3 4 | 4 3 3 3 | 2 3 3 4 | 5 3 2. हेच एक बरोबर असं नाही, कोणी दोन्ही ओळींत प लाच शिखर ठेवेल आणि तेही चांगलं वाजेल. अट एवढीच की कुठे जायचं ते आधी ठरलेलं असावं आणि ऐकणाऱ्याला ते कळावं. एक परीक्षा आहे, रेकॉर्डिंग कोणाला तरी ऐकवा आणि फक्त विचारा की सगळ्यात वजनदार सूर कुठला वाटला, त्याने वेगळाच सूर सांगितला तर तुमच्या मनातली फ्रेज हातापर्यंत आलेली नाही.

पायरी पाचवी: तीच ओळ एफ मध्ये

आता त्याच पहिल्या ओळीखाली एफ लिहा. सगळे आकडे चारने वाढवायचे, म्हणजे 7 7 8 8 | 9 8 8 7 | 7 6 7 7 | 8 6 6. आकार तोच, फक्त अख्खी ओळ वरच्या मजल्यावर गेली. एफ मधला सगळ्यात लहान सूर 6 आहे आणि पी मधला सगळ्यात मोठा 5 होता, म्हणजे आत कितीही हललात तरी एका खुणेचा दुसरीशी गोंधळ होत नाही. नवशिक्याच्या एफ मध्ये आकार आधी नाहीसा होतो, सगळं 8-8-8-8, कारण जोर लावण्यातच लक्ष जातं. तसं झालं तर पी मध्ये परत वाजवून आकार मिळवा आणि मग एकेक आकडा वर सरका.

डावा हात जोडलात की अजून एक गोष्ट होते. कॉर्डमध्ये तीन सूर एकदम वाजतात, त्यामुळे प्रत्येक सूर उजव्या हाताएवढाच वाजवला तरी डावा हात मोठा ऐकू येतो आणि चाल बुडते. पी लिहिलाय तो सगळ्या मिळून होणाऱ्या आवाजाला आहे, दोन्ही हातांना सारखा वाटून द्यायचा नाही. चाल 3 ते 5 मध्ये असेल तर डावा हात 1 किंवा 2 वर. हे जमायला वेळ लागतो, कारण एक हात हलका झाला की दुसरा पण होतो. मी आधी डाव्या हाताने कीज फक्त स्पर्श करायच्या, आवाज न काढता, आणि उजव्याने खरी चाल वाजवायची असं करत होते, मग दोनेक दिवसांनी डाव्याचा अगदी पुसटसा आवाज येऊ द्यायचा.

अचानक बदलणाऱ्या खुणा

या थोडक्यात. एफपी जोडून लिहिलं असेल तर मोठा सूर वाजवून लगेच लहान. एसएफ किंवा एसएफझेड म्हणजे स्फोर्त्झांडो, त्या एका सुराला धक्का, पण आजूबाजूच्या मापात, पी मधला धक्का एफएवढा नसतो. आणि सुबितो पियानो म्हणजे अचानक पी, ज्यात बेथोव्हनचा हातखंडा होता, तो क्रेशेंडो चढवत चढवत नेतो आणि जिथे एफ येणार असं वाटतं तिथे पी लिहून ठेवतो. तिथे चूक ठरलेली असते: पुढे पी दिसतोय म्हणून हात एक-दोन सूर आधीच कमी करायला लागतो, आणि अचानकपणा निघून जातो. पी च्या आधीचा सूर त्या क्रेशेंडोतला सगळ्यात मोठा असला पाहिजे. सराव करताना आधी पी च्या अलीकडे थांबा, अगदी पूर्ण थांबा, हात उचला, मोठ्या सुराचा आवाज खोलीतून जाऊ द्या आणि मग पी वाजवा. दहा-बारा वेळा असं करून मग ते थांबणं थोडं थोडं कमी करत न्या, श्वास घेण्याएवढं उरेपर्यंत. मेट्रोनोमवर तेवढंही राहायला नको, पण हाताला तोपर्यंत मोठ्या सुराचं वजन आणि लहान सुराचा हलकेपणा वेगवेगळा कळलेला असतो, आणि मधला उतार आपोआप जातो.